पपनसाच्या बागेतून आलेला आवाज

"काही नाही गं. म्हशीसारखी धडधाकट आहे मी. तू जेवलीस का?"

आवाज दोन शरदांपूर्वीचा. आईने फोनवर बोलून पाठवलेला निरोप, फोनमध्येच जपून ठेवलेला. वानथिंग तो उशीशी धरून ऐकायची. शब्द सुरू होण्याआधी बराच वेळ त्यात बदकं बोलत असत. मग श्वास. मग, "काही नाही गं." आणि शेवटी तो प्रश्न, जो जगातल्या सगळ्या आया दूरच्या लेकीला विचारतात.

तेव्हा ती दूर चोंगशान शहरात होती, दिव्यांच्या कारखान्यात. पट्ट्यावरून छोट्या दिव्यांच्या माळा सरकत येत, त्यातला विझलेला दिवा शोधायचा आणि माळ बाजूला काढायची, हे तिचं काम. दिवसभर इतका उजेड बघून संध्याकाळी खोलीवर आली की ती दिवा लावत नसे. अंधारात पडून आईचे आवाज ऐकायची. 'आज बदकांनी अंडी दिली.' 'फान काकूच्या सुनेला मुलगी झाली.' 'पाऊस आहे, तुझ्याकडे?' लोक फोटो जपतात, तिने हे आवाज जपले होते. आईचा चेहरा तिला आठवायचा, पण आवाज मात्र समोर असल्याशिवाय नीट आठवत नसे.

त्या 'काही नाही'च्या दिवशी तिने आईच्या नावाने कॅन्सरचा विमा घेतला होता. कारखान्यातल्या दोघीतिघींनी आपापल्या आयांचा घेतला, म्हणून तिनेही. सगळं फोनवरच. नाव, वय, गाव, आणि मग प्रश्न. त्यातल्या एका प्रश्नापाशी तिचं बोट थांबलं, तेव्हा तिने आईला आवाज पाठवला होता:

"आई, तुझा विमा काढतेय. विचारतायत, गेल्या दोन वर्षांत कुठल्या तपासणीत काही निघालंय का? गाठबिठ? नीट आठवून सांग हं."

उत्तर आलं ते हे. बदकं, श्वास, काही नाही. वानथिंगने 'नाही'वर बोट ठेवलं आणि खालच्या दुकानात जाऊन शेवया खाल्ल्या.

पुढच्या वर्षी पपनसं उतरवताना आईचा डावा हात वर जाईना. तालुक्याच्या दवाखान्याने मेइचौच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे शस्त्रक्रिया झाली, छाती एका बाजूने सपाट झाली, केस गेले. वानथिंग नोकरीवरून सुट्टी काढून आली ती राहिलीच. विम्याचे कागद तिने पाठवले, एक लाख युआनचा विमा होता. सरकारी आरोग्य योजना दवाखान्याच्या बिलातला बराच भाग उचलत होती, पण डॉक्टरांनी जे औषध पुढे वर्षभर द्यायचं म्हटलं होतं, त्याच्यासाठी विम्याशिवाय दुसरा आधार नव्हता.

नव्या वर्षाच्या आधी कंपनीचं उत्तर आलं. विमा घेताना आरोग्याच्या प्रश्नाचं उत्तर जाणूनबुजून खोटं दिलं. विम्याच्या दीड वर्ष आधीच्या, हो, त्या दोन वर्षांच्या आतल्या, सरकारी मोफत तपासणीत, विमा काढलेल्या बाईंच्या डाव्या स्तनात संशयास्पद गाठ दिसली होती, मोठ्या दवाखान्यात दाखवा असं फोनवर कळवलंही होतं. म्हणून करार रद्द. दावा नामंजूर. भरलेले हप्तेही परत मिळणार नाहीत.

वानथिंगने ते अंगणात उभं राहून वाचलं. आई चुलीपुढे टोफूच्या चौकोनात मांसाचं सारण भरत होती, एका हाताने, कारण दुसरा अजून नीट वर जात नव्हता.

"काय म्हणतात?" आईने मान न वळवता विचारलं.

"गाठ आधीच सापडली होती म्हणे. गावात तपासणीची सरकारी गाडी आली होती ना, त्यात."

टोफूचा एक तुकडा फुटला. आईने तो तोंडात टाकला. "काहीही लिहितात," ती म्हणाली. "मला कुणी काही बोललं नाही."

ते ऐकून वानथिंगला बरं वाटलं, आणि लगेच वाटेना.

*

लाइ युनमेइ, म्हणजे तिची आई, एके काळी त्या खोऱ्यात गाण्यासाठी ओळखली जायची. डोंगराच्या दोन अंगांना बाया लाकडं तोडायला जात, आणि एकीने ओळ टाकली की पल्याडचीने ती उचलायची. उत्तर द्यायचंच, असा रिवाज. ओळ हवेत लोंबत सोडली तर संध्याकाळी पाणवठ्यावर बोलणी खावी लागत. वानथिंगला लहानपणची एक ओळ येत होती:

*पल्याडच्या रानात कोण गं एकली,*
*माझ्या हाकेची वाट धुक्यात झाकली.*

याला आई काय उत्तर द्यायची ते मात्र तिला कधीच आठवलं नाही.

आता खोऱ्यात गाणारं कुणी नव्हतं. पोरं-पोरी शहरांत, घरांना कुलपं, रानात पपनसाची झाडं आणि त्यांच्या बुंध्यांशी म्हाताऱ्या. वैशाखाच्या सुमारास फळ मुठीएवढं झालं की प्रत्येकाला कागदाची पिशवी बांधायची. किडीपासून, उन्हापासून. मग चार महिने झाडावर नुसत्या पिशव्या दिसतात. आत काय चाललंय ते झाडालाच ठाऊक.

वानथिंग शिडीवर चढून पिशव्या बांधत होती, आई खालून एकेक हातात देत होती. शेजारची फान काकू कुंपणापाशी आपलं बांबूचं बुटकं स्टूल घेऊन येऊन बसली होती. ती रोजच येई. आईच्या आजारपणात घरात आवाज राहिला तो तिच्यामुळे.

"परवा जायचंय ना मेइचौला?" फान काकू म्हणाली. "त्या समेटवाल्यांकडे?"

"हो काकू." विमा तक्रारीच्या नंबरावर वानथिंगने महिनाभर फोन केले होते. शेवटी तिथून सांगितलं, कोर्टात जाण्याआधी एक समेटाची जागा आहे, पैसे लागत नाहीत, कंपनीचा माणूस येईल, मध्यस्थ असेल.

"युनमेइ, तू आपली एकच धर. मला सांगितलंच नाही. मला ऐकू कमी येतं. मी अडाणी. असं तोंड कर बघ." काकूने जबडा सैल सोडून, डोळे बारीक करून दाखवलं.

"तसं तोंड तुझं जन्मापासून आहे," आई म्हणाली. "मला कुठून जमायचं?"

"हस, हस. तो पांढऱ्या शर्टाचा पोरगा विचारायला आला होता तेव्हा मी शेजारीच होते म्हणून तू सांभाळलंस. नाहीतर बडबडली असतीस."

वानथिंगचा हात फांदीवर थांबला. "कोण पोरगा?"

बदकं बोलली.

"कंपनीचा," फान काकू चपला शोधत म्हणाली. "गेल्या पौषात. चौकशीला. तू औषधं आणायला गेली होतीस. आई म्हणाली, मला कुणी काही कळवलं नाही. बरोबरच बोलली. अगं माझा भात लागला असेल," आणि ती गेली. तिचं स्टूल तिथेच राहिलं.

आईने पुढची पिशवी वर केली. वानथिंगने ती घेतली नाही.

"आई, दवाखान्याच्या नोंदीत आहे. फोनवर कळवलं म्हणून. तारीख आहे."

"असेल. फोन येतात, कळत नाही कोण काय बोलतं ते."

"तू 'नाही' म्हणालीस, नोंद 'हो' म्हणते. मग त्यांना वाटणारच ना, की आपण दोघी मिळून..."

"ही धर गं. हात दुखतो माझा."

तिने धरली. आतलं फळ हिरवं, लवदार होतं. तिने कागदाचं तोंड मुरडून तार पिळली. विचारायचं असतं तर त्याच वेळी विचारता आलं असतं. पण आईच्या डोक्यावरची विणलेली टोपी एका बाजूला सरकली होती, कानामागचे नवे केस पिलाच्या पिसांसारखे दिसत होते, आणि तिला वाटलं, हे माणूस एवढं झिजलंय, याला अजून काय सोलायचं.

त्या संध्याकाळी ती आपल्या खोलीत पडून पुन्हा तो आवाज ऐकत होती. बदकं. श्वास. काही नाही गं. एवढी बदकं का आहेत यात? आई नेहमी बटण दाबलं की धडाधड बोलते. त्या दिवशी दाबून धरून इतका वेळ गप्प का? आणि मी ते ऐकलं होतं. ऐकूनही शेवया खायला गेले होते.

हा आवाज परवा तिथे ऐकवला तर? आपण आईला विचारलं होतं, याचा याहून चांगला पुरावा नाही. पण मग परक्या माणसांसमोर आईचंच तोंड आईला खोटं पाडणार. चारचौघांत. ज्या बाईने आयुष्यभर कुणाची एक ओळ उधार ठेवली नाही, तिला.

तिने फोन बंद केला. भिंतीपलीकडे आईची खाट करकरली.

*

समेटाची जागा म्हणजे एका सरकारी इमारतीतली साधी खोली होती. गोल टेबल, कुंडीतलं झाड, थर्मासमध्ये गरम पाणी. मध्यस्थ याओबाई पूर्वी न्यायाधीश होत्या. केस आखूड, बोलणं सावकाश. कंपनीचा मो नावाचा माणूस तिशीचा असेल. त्याने आईला बघताच उठून खुर्ची ओढून दिली, आणि मग आपली फाइल उघडली.

"मावशी, राग मानू नका," तो म्हणाला. "मी फक्त काय आहे ते सांगतो. प्रश्न स्पष्ट होता. उत्तर 'नाही' आलं. आणि तपासणीत गाठ होती. त्याच जागी पुढे आजार निघाला. हे कळलं असतं तर कंपनीने विमा दिलाच नसता."

"तेवढं सगळ्यांना मान्य आहे," याओबाई म्हणाल्या. "आता नीट ऐका, दोघीही. विमा घेतला मुलीने. प्रश्न विचारले ते तिला. विमा आईचा काढलाय, पण उत्तराची जबाबदारी विमा घेणारीची. म्हणून कायदा बघतो ते एवढंच: मुलीला गाठीचं ठाऊक होतं का? ठाऊक असून लपवलं, तर कंपनी बरोबर आहे. अगदीच निष्काळजीपणे न विचारता 'नाही' लिहिलं, तरीही त्रास आहे. पण तिला माहीतच नसेल, आणि तिने विचारलं असेल, तर जे माहीत नाही ते ती सांगणार कुठून?"

मो मान हलवत म्हणाला, "बरोबर. पण माहीत नव्हतं हे म्हणणं सोपं आहे. आई म्हणते मला कळवलंच नाही. नोंद सांगते कळवलं, आणि बोलणं झालं. एका घरातली एक गोष्ट खोटी निघाली की दुसरीवर विश्वास कसा ठेवायचा? मलाही आई आहे. डोकं दुखलं तरी तिला माझ्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही."

"तुम्ही तिच्याजवळ राहता?" याओबाईंनी विचारलं.

"वरच्या मजल्यावर."

"मग."

याओबाई वानथिंगकडे वळल्या. "तुम्ही आईला विचारलं होतं का? त्या वेळी?"

"हो."

"कसं विचारलं?"

"फोनवर."

"बोलणं की लिहून? काही शिल्लक आहे?"

टेबलाखाली वानथिंगच्या हातात फोन होता. बाजूला आई टोपी नीट करत होती, उगाचच, आधीच नीट असलेली. औषध. वर्षभराचं औषध. त्याच्याशिवाय परत वाढू शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते, आई बाहेर बाकावर शेंगा सोलत बसली असताना, हळू आवाजात. हे वानथिंगनेही आईला नीटसं सांगितलं नव्हतं. अंगठा हलला की झालं. तिचा अंगठा हलेना.

"नाही," ती म्हणाली. "आता काही नाही."

मोने फाइलचं पान उलटलं. याओबाईंनी चष्मा काढला.

"आहे," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तिच्या फोनात माझा आवाज आहे. रोज ऐकते ती. तिला वाटतं मला झोप लागलीय. मधली भिंत फळ्यांची आहे, साहेब. मी पलीकडून माझंच बोलणं ऐकत असते. आधी बदकं ओरडतात, मग मी बोलते." ती वानथिंगकडे वळली. "लाव."

"आई, राहू दे."

"लाव म्हणते ना. किती दिवस एकटीच ऐकणार?"

फोन टेबलाच्या मधोमध आला. वानथिंगने आधी आपला प्रश्न लावला. 'गाठबिठ? नीट आठवून सांग हं.' तिचा स्वतःचा आवाज तिला परक्या मुलीचा वाटला, घाईतला, भुकेला. मग बदकं आली. सरकारी खोलीत, कुंडीतल्या झाडाजवळ, पपनसाच्या बागेतली बदकं किती तरी वेळ ओरडत राहिली. मोने मान वर केली. श्वास आला. 'काही नाही गं. म्हशीसारखी धडधाकट आहे मी. तू जेवलीस का?'

मोने पुढे वाकून पडद्यावरची तारीख पाहिली, आपल्या कागदावरची पाहिली, आणि पेन खाली ठेवलं.

"विमा त्याच दुपारचा आहे," तो म्हणाला. पुढचं त्याने फाइलकडे बघत सांगितलं. "हा मूळ फोन आम्हाला तपासायला लागेल. आवाज जसाच्या तसा आहे असं निघालं, तर... यांना माहीत होतं असं आम्ही म्हणू शकणार नाही. विचारलं नाही असंही नाही. मी वर तसंच कळवतो. रद्द केल्याचं पत्र मागे घ्यावं लागेल, असं मला वाटतं. दिवस आठ लागतील. पण मावशी, दवाखान्याचा फोन आला होता का, हे तुमच्या तोंडून यायला पाहिजे. मला ते लिहावं लागेल."

"आला होता," आई म्हणाली. "बाई चांगली होती. दोनदा समजावलं तिने. गाठ चांगली दिसत नाही, लवकर मोठ्या दवाखान्यात जा, घरी कोण आहे? मी म्हटलं, सगळे आहेत. घरात मी आणि बदकं. त्या पांढऱ्या शर्टाच्या पोराशी मी खोटं बोलले. हिला काही ठाऊक नव्हतं. लिहा."

त्याने लिहिलं. याओबाईंनी थर्मासमधलं पाणी कपात ओतून आईपुढे सरकवलं, आणि न्यायाधीशबाईंचा आवाज बाजूला ठेवून विचारलं, "का हो सांगितलं नाहीत? एवढी जवळची लेक."

आईने कप दोन्ही हातांत धरला.

"हिचे बाबा आजारी पडले तेव्हा ही नर्सचं शिकत होती. मी फोन केला आणि ही सगळं सोडून आली. ते गेले. शिक्षणही गेलं. पुन्हा झालंच नाही. कारखान्यात दिवे बघत बसली." तिने पाण्याचा एक घोट घेतला. "मी ठरवलं होतं, पुन्हा असा फोन करायचा नाही."

"आई, मी कधी म्हटलं का तसं?" वानथिंगचा आवाज फुटला. "एकदा तरी? मला वाटायचं तुला मी नकोच आहे. सणाला येते म्हटलं की, गाडीला गर्दी असते, येऊ नको. सुट्टी मिळतेय म्हटलं की, काम कर. मी तिथे अंधारात पडून तुझी बदकं ऐकायची."

"ठाऊक आहे. भिंतीपलीकडून सगळं कळतं. उशिरा कळतं."

खिडकीबाहेर एक रिक्षा भाजी भाजी म्हणत गेली. आई कपातल्या वाफेकडे बघत होती, डोंगराच्या पल्याडून आलेली ओळ नीट ऐकून घ्यावी तशी. मग तिने कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच लेकीकडे सरळ पाहिलं.

"ती बदकं ओरडत होती ना, तेवढा वेळ मी बटण दाबून धरलं होतं. मला 'काही नाही' म्हणायचंच नव्हतं गं. मला म्हणायचं होतं, ये. मला भीती वाटतेय, घरी ये."